विहिरीत पाणी किती आणि ते उपसायला वेळ किती?

"विहिरीला पाणी किती आहे?" असे विचारले की उत्तर बहुतेक वेळा फुटांत मिळते. "अठरा फूट आहे अजून." शेतकऱ्याला तेवढ्यावरून अंदाज येतो, कारण विहीर त्याच्या रोजच्या नजरेखालची असते. पण ठिबकचा आराखडा करायचा असेल, नवी मोटर घ्यायची असेल किंवा रब्बीत कांदा एक एकर लावावा की दोन, हे ठरवायचे असेल, तर फूट पुरत नाहीत. तिथे लिटर लागतात आणि तास लागतात. दोन्ही काढता येतात. साहित्य म्हणून टेप, दोरी, दोनशे लिटरचा ड्रम आणि घड्याळ एवढे असले की झाले.

या प्रकरणात आपण एकच विहीर घेऊन तिचा पुरता हिशेब करू. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर वसलेला आहे. त्या भागात नेहमी दिसणारी विहीर अशी असते: वर माती आणि मुरूम, त्याला गोल दगडी किंवा काँक्रीटचे बांधकाम, खाली सुरुंग लावून फोडलेला उघडा खडक. आपल्या विहिरीचा आतला व्यास २४ फूट, जमिनीपासून तळापर्यंत खोली ४५ फूट आणि आज तिच्यात पाणी १८ फूट. विहिरीवर पाच एचपीची मोटर जोडलेली आहे, वीज थ्री फेज.

२२ चा पाढा

गोल विहिरीतले पाणी म्हणजे उभे नळकांडे. त्याचे घनफळ काढायला आधी तळाचे क्षेत्रफळ घ्यायचे आणि त्याला पाण्याच्या खोलीने गुणायचे. वर्तुळाचे क्षेत्रफळ लक्षात ठेवायची एक सोपी रीत आहे. २४ फूट व्यासाचे वर्तुळ २४ बाय २४ फुटांच्या चौरसात नेमके बसते. वर्तुळ त्या चौरसाची ७८.५४ टक्के जागा व्यापते, चार कोपरे रिकामे राहतात. ही टक्केवारी सगळ्या वर्तुळांना तीच लागू पडते, आड असो की मोठी विहीर.

एक घनफूट पाणी म्हणजे २८.३२ लिटर. त्यातले ७८.५४ टक्के घेतले की २२.२४ हा आकडा येतो. म्हणून सूत्र असे:

लिटर = २२.२४ × व्यास × व्यास × पाण्याची खोली (सगळी मापे फुटांत)

मापे मीटरमध्ये असतील तर २२.२४ च्या जागी ७८५.४ घ्यायचे. तोंडी हिशेबाला नुसते २२ घेतले तरी चालते, उत्तर फक्त एक टक्क्याने कमी येते.

आपल्या विहिरीचे आकडे घालू. २४ गुणिले २४ म्हणजे ५७६. त्याला २२.२४ ने गुणले की १२,८१०. म्हणजे या विहिरीतले एक फूट पाणी १२,८१० लिटर. हा आकडा एकदा काढला की आयुष्यभर पुरतो, कारण व्यास बदलत नाही. १८ फुटांचे झाले २,३०,५८० लिटर, म्हणजे सुमारे २ लाख ३० हजार.

उत्तर मिळाले, पण ते अजून खरे नाही. हे सूत्र कागदावरच्या विहिरीचे आहे. शेतातली विहीर त्याच्याशी तीन ठिकाणी फारकत घेते: व्यासात, खाली खडकात आणि तळाशी.

व्यास मोजताना

सूत्रात खोली एकदा येते, व्यास दोनदा. त्यामुळे व्यासातली चूक दुपटीने अंगावर येते. २४ च्या जागी २५ फूट मोजले गेले, तर १८ फूट पाण्याला उत्तर १९,६०० लिटरनी फुगते. खोलीत एक फूट चुकले, तर फरक १२,८१० लिटरचाच.

सर्रास होणारी चूक म्हणजे कठड्याच्या बाहेरून मोजणे. बांधकामाची जाडी दीड फूट धरली, तर दोन्ही बाजूंची मिळून तीन फूट होते आणि २४ फुटांची विहीर २७ फुटांची दिसते. त्या हिशेबाने पाणी २ लाख ९२ हजार लिटर येते. विहिरीत कधीच नसलेले ६१ हजार लिटर कागदावर उभे राहतात.

आतून मोजायची रीत अशी. एकाने टेपचे टोक कठड्याच्या आतल्या कडेला एका जागी धरून ठेवायचे. दुसऱ्याने टेप ताणून समोरच्या कडेने हळूहळू सरकत जायचे. आकडा आधी वाढत जातो, मग कमी होऊ लागतो. सर्वांत मोठा आकडा हा व्यास. मध्यबिंदू शोधायची गरजच पडत नाही. मग टोकाची जागा पाव वर्तुळ हलवून पुन्हा मोजायचे. दोन्ही आकडे सारखे आले तर विहीर गोल आहे. एक २६ आणि दुसरा २२ आला तर विहीर लांबट आहे. मग सूत्रात "व्यास × व्यास"च्या जागी २६ × २२ लिहायचे. लंबगोलाला हे माप अचूक लागू पडते.

मध्ये मोटरचा सांगाडा किंवा पाइप येत असेल आणि टेप आडवा धरता येत नसेल, तर कठड्याला बाहेरून टेप गुंडाळून घेर मोजावा. घेर ८५ फूट भरला, तर त्याला ३.१४ ने भागून बाहेरचा व्यास २७ फूट मिळतो. त्यातून जाडी दोनदा वजा केली की आतला २४.

खाली खडकात

वरून वाकून पाहिले की बांधकामाचा गोल दिसतो आणि विहीर तळापर्यंत तशीच असावी असे वाटते. पाषाणातल्या विहिरींत हे सहसा खरे नसते. बांधकाम पक्क्या खडकावर टेकवतात, त्यासाठी खडकाची कड सोडावी लागते. त्याखाली सुरुंगाने फोडत जाताना विहीर आत आत येते. पाण्याची पातळी वर असते तोवर ही कड पाण्याखाली झाकलेली राहते. उन्हाळ्यात ती उघडी पडते.

आपल्या विहिरीत ही कड आजच्या पाण्याच्या पातळीखाली ६ फुटांवर आहे आणि तिथून तळापर्यंत १२ फूट व्यास २० फूट आहे. वीसचा वर्ग ४००. त्याला २२.२४ ने गुणले की फुटाला ८,८९६ लिटर, म्हणजे वरच्या भागापेक्षा जवळपास चार हजारांनी कमी. आता हिशेब दोन टप्प्यांत मांडू:

वरचे ६ फूट: ६ × १२,८१० = ७६,८६० लिटर
खालचे १२ फूट: १२ × ८,८९६ = १,०६,७५२ लिटर
एकूण: १,८३,६१२ लिटर

आधीच्या उत्तरातून ४७ हजार लिटर गळाले. विहिरीत काही बदलले नाही, फक्त तिचा आकार नीट पाहिला. व्यासातला चार फुटांचा फरक नजरेला किरकोळ वाटतो, पण वर्ग केला की तो एवढा मोठा होतो.

कड पाण्याखाली असताना खालचा व्यास कसा कळणार? विहिरीत उतरून मोजायच्या फंदात पडू नये. जुन्या विहिरीच्या तळाशी हवा कोंदट असू शकते आणि कडेचा दगडही निसटू शकतो. एक तर उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यावर वरून माप घ्यावे, नाहीतर मोटरकडूनच मोजून घ्यावे. ती रीत पुढे येते.

दोरी, गाळ आणि न मिळणारे पाणी

पाण्याची खोली मोजायला न ताणणारी दोरी आणि तिला बांधलेले वजन पुरते. वजन पाण्याला टेकताच दोरीला कठड्यापाशी एक गाठ मारायची, तळाला टेकून दोरी सैल पडली की दुसरी. दोन गाठींमधले अंतर म्हणजे पाण्याची खोली. मोजताना कठड्याची तीच जागा धरावी, म्हणजे पुढच्या महिन्याचे माप याच्याशी ताडून पाहता येते.

वजन कसले आहे यावरही माप अवलंबून असते. टोकदार पहार बांधली तर ती गाळात रुतून खडकाला लागते. पसरट लोखंडी ताटली बांधली तर ती गाळावर बसते. दोन्हींनी मोजले आणि दोन फुटांचा फरक आला, तर तेवढा गाळ आहे. २० फूट व्यासात दोन फूट गाळ म्हणजे जवळपास १७,८०० लिटरची जागा अडलेली. आपण घेतलेले १८ फूट हे ताटलीने मोजलेले, म्हणजे गाळाच्या वरचे पाणी आहे.

त्यातलेही सगळे पाणी हाती लागत नाही. सक्शन पाइपच्या खालचा फूटव्हॉल्व्ह तळापासून वर ठेवावा लागतो, नाहीतर तो गाळ ओढतो. शिवाय त्याच्यावर थोडे पाणी राहावे लागते, नाहीतर पाण्यात भोवरा पडून हवा आत शिरते. म्हणून तळचे दोन फूट सोडून द्यायचे. ते १७,७९२ लिटर वजा केले की मोटरीने उपसता येण्याजोगे पाणी उरते १,६५,८२० लिटर.

२ लाख ३० हजारांपासून निघून आपण १ लाख ६६ हजारांपर्यंत आलो. पहिला आकडा धरून पिकाचे नियोजन केले असते, तर दर चार लिटरमागे एक लिटरहून अधिक कमी पडले असते.

मोटर तासाला किती पाणी देते?

मोटरीवर पाच एचपी लिहिलेले असते, पण त्यावरून लिटर कळत नाहीत. तीच मोटर पाणी किती उंच चढवते आहे, यावर तिचा पुरवठा ठरतो. उंची दुप्पट झाली की त्याच ताकदीत पाणी साधारण निम्मे येते.

आपल्या विहिरीत पाण्याची पातळी जमिनीखाली २७ फूट आहे. पाइपलाइनचे तोंड शेतात ३० फूट उंचीवर आहे. तीन इंची पाइपमधून पाणी पळताना घासते, त्याचा भार सव्वाशे मीटर लांबीला साधारण २० फूट उंची चढवण्याइतका धरू. एकूण ७७ फूट, म्हणजे साडेतेवीस मीटर. पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली, तर एक ढोबळ सूत्र मिळते:

सेकंदाला लिटर = ३८ × एचपी ÷ एकूण उंची (मीटरमध्ये)

३८ गुणिले ५ म्हणजे १९०. त्याला साडेतेवीसने भागले की सेकंदाला ८ लिटर, म्हणजे तासाला २८,८०० लिटर. पण पाणी उपसत जाते तशी पातळी खाली जाते. दोन फूट पाणी उरेल तेव्हा ते जमिनीखाली ४३ फुटांवर असेल आणि एकूण उंची ९३ फूट, म्हणजे २८.३ मीटर झालेली असेल. तेव्हा पुरवठा सेकंदाला ६.७ लिटर, तासाला २४,००० वर उतरतो. सकाळी मोटर सुरू करताना पाइपाला पाण्याचा जो जोर असतो, तो दुपारी नसतो, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. व्होल्टेज कमी असेल तर त्यात भर पडते.

सूत्राने अंदाज येतो, पण खरा आकडा ड्रमच देतो. दोनशे लिटरचा ड्रम पाइपलाइनच्या तोंडाशी, म्हणजे जिथे पाणी प्रत्यक्ष सोडायचे तिथेच ठेवावा. विहिरीजवळ पाइप सोडवून मोजले तर उंची आणि घर्षण दोन्ही वाचतात आणि आकडा फसवा येतो. पाणी ड्रममध्ये वळवल्यापासून काठापर्यंत भरायला लागलेले सेकंद मोजावेत, तीनदा मोजून सरासरी घ्यावी. २५ सेकंद लागले तर तासाला २८,८०० लिटर. ३० सेकंद लागले तर २४,०००. सूत्र एकच: ७,२०,००० भागिले सेकंद. मोटर सुरू केल्यावर एकदा आणि पाणी तळाला गेल्यावर एकदा असे मोजले, की दोन्हींची सरासरी घेता येते. आपल्या विहिरीची ती २६,४०० येते.

काठावर बसवलेल्या मोटरीला आणखी एक मर्यादा आहे. सक्शनचे पाणी पंप खेचून वर आणत नाही, हवेचा दाब ते वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब पाणी जेमतेम दहा मीटर उचलतो आणि दख्खनच्या पठारावर त्याहून थोडे कमी. पाइप, वाकणे आणि फूटव्हॉल्व्ह यांचा तोटा धरला की व्यवहारात सहा-सात मीटर, म्हणजे वीस-बावीस फूट हाती राहतात. आपल्या विहिरीत पाणी २७ फुटांवर आहे, म्हणजे जमिनीवर बसवलेली मोटर ते उचलूच शकणार नाही. ती विहिरीत पाण्याच्या पातळीजवळ उतरवावी लागेल किंवा पाण्यात बुडणारी ओपनवेल मोटर घ्यावी लागेल. विहिरीत पाणी दिसत असतानाही मोटर पाणी सोडते, तेव्हा आधी हे अंतर मोजावे.

झरे हिशेबात घेतल्यावर

आता भागाकार सोपा दिसतो. १,६५,८२० भागिले २६,४०० म्हणजे ६ तास १७ मिनिटे. पण मोटर लावून बसले तर विहीर तेवढ्या वेळात उपसत नाही. कारण वरून पाणी जात असताना बाजूच्या भेगांतून पाणी येत असते. सिमेंटची टाकी आणि विहीर यांत हाच फरक आहे.

झऱ्यांचे पाणी मोजायला विहीर उपसून मोटर बंद करायची आणि पहिल्या तासात पाणी किती इंच चढते ते पाहायचे. आपल्या विहिरीत ते ८ इंच चढले. फुटाला ८,८९६ लिटर, म्हणून ८ इंचांचे झाले सुमारे ६,००० लिटर. तळाशी असताना झरे तासाला सहा हजार लिटर देतात.

पण ते नेहमी एवढे देत नाहीत. विहीर भरलेली असते तेव्हा आतल्या पाण्याचा आणि बाहेर खडकात मुरलेल्या पाण्याचा दाब सारखा असतो, म्हणून आत काही येत नाही. पाणी जसजसे खाली जाते तसतसा बाहेरचा दाब वरचढ होतो आणि झरे जोर धरतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चार्ल्स स्लिक्टर या अमेरिकन गणितज्ञाने हा संबंध सूत्रात बसवला: पातळी जितकी खाली, तितकी आवक जास्त. भूजलाचे अभ्यासक उघड्या विहिरींची चाचणी घेताना हे सूत्र अजून वापरतात. आपल्या विहिरीत १६ फूट उतार झाल्यावर ६,००० लिटर आवक होती, म्हणजे उताराच्या प्रत्येक फुटाला तासाला ३७५ लिटर.

उपसा सुरू करताना आवक शून्य आणि शेवटी सहा हजार. सरासरी तीन हजार धरू. मोटर तासाला २६,४०० काढते, झरे ३,००० परत घालतात, विहीर प्रत्यक्षात २३,४०० ने रिकामी होते. १,६५,८२० ला २३,४०० ने भागले की ७ तास ५ मिनिटे.

उपसायचा वेळ = वापरता येणारे लिटर ÷ (मोटरचा तासाचा पुरवठा − झऱ्यांची तासाची सरासरी आवक)

या वेळात शेतात गेलेले पाणी १,८७,००० लिटर. त्यातले २१ हजार झऱ्यांनी वाटेत दिलेले आहेत.

या सूत्राला एक टोक आहे. नदीकाठची किंवा कालव्याखालची विहीर घ्या, जिथे उताराच्या फुटाला तासाला २,४०० लिटर येतात. तिथे पाणी साधारण साडेदहा फूट खाली गेले की आवक २५ हजारांवर पोचते आणि मोटरीच्या पुरवठ्याला गाठते. मग दिवसभर मोटर चालवली तरी पातळी तिथेच अडून राहते. वजाबाकी शून्य झाली की भागाकाराला अर्थ उरत नाही. त्या मोटरीने ती विहीर उपसायचीच नाही.

उलट बाजूची मर्यादाही ध्यानात ठेवावी. पाषाणात पाणी सगळीकडून पाझरत नाही, ठरावीक भेगांतून येते. पाण्याची पातळी भेगेच्या खाली गेली की तो झरा भिंतीवरून पडताना दिसतो. त्यानंतर विहीर कितीही उपसली तरी त्या झऱ्याची आवक वाढत नाही. म्हणून फुटाला ३७५ हा आकडा कायमचा धरू नये. दिवाळीनंतर एक, होळीला एक आणि मे महिन्यात एक अशी मापे घ्यावीत.

मोटरकडून विहीर मोजून घेणे

आता पाण्याखालचा व्यास. मोटर चालू असताना तासाभरात पाणी किती उतरते हे दोरीने मोजता येते आणि मोटर किती पाणी काढते हे ड्रमने कळलेले असते. या दोन आकड्यांतच व्यास दडलेला असतो.

उपसा मध्यावर आला असताना, म्हणजे पाणी दहा फूट उतरल्यावर, आपण तासभर मोजले. पाणी ३० इंच उतरले. मग मोटर अर्धा तास बंद ठेवली. पाणी अडीच इंच चढले, म्हणजे तासाला ५ इंचांची आवक. झरे नसते तर पाणी ३५ इंच उतरले असते. ३५ इंच म्हणजे २.९२ फूट. या पातळीला ड्रमने मोजलेला पुरवठा तासाला २५,८००. त्याला २.९२ ने भागले की फुटाला ८,८४० लिटर. त्याला २२.२४ ने भागले की ३९७ आणि त्याचे वर्गमूळ जवळपास २०. विहिरीत न उतरता खडकातला व्यास हाती आला.

हीच रीत गडबड ओळखायलाही कामाला येते. उपसा मध्यावर असताना तासाला अडीच फूट उतार पडतो. पुढच्या वर्षी तेवढेच पाणी असताना तो तीन फूट पडू लागला आणि ड्रमचे सेकंद तेच राहिले, तर विहिरीत काहीतरी बदलले आहे. भिंतीचा काही भाग ढासळून आत आला असेल किंवा झरे आटले असतील. मोटर बंद करून चढ मोजला की दोन्हींतले कोणते ते कळते. आणि उतार कमी पडू लागला, पण ड्रम भरायलाही जास्त सेकंद लागू लागले, तर दोष विहिरीत नाही, पंपात किंवा पाइपलाइनमध्ये आहे.

दुसऱ्या दिवशीची विहीर

विहीर उपसून एक दिवस आणि एक रात्र थांबलो. सकाळी पाहिले तर पाणी १२ फुटांवर आलेले. दोनाचे बारा, म्हणजे दहा फूट चढले. मग उरलेले सहा फूट आणखी अर्ध्या-पाऊण दिवसात भरावेत, असे वाटते. तसे होत नाही.

झऱ्यांचा जोर उतारावर अवलंबून असतो, हे आपण पाहिले. पाणी चढत जाते तसा तो जोर ओसरतो. पहिल्या तासात ८ इंच चढणारे पाणी बारा फुटांशी आल्यावर तासाला तीन इंच चढते. त्यानंतर विहीर रुंद होते, तेच पाणी मोठ्या तोंडात पसरते. शेवटच्या फुटाशी पोचेपर्यंत चढ तासाला इंचाचा तिसरा हिस्सा उरतो. हिशेब केला तर पहिले दहा फूट भरायला एक दिवस लागतो आणि पुढचे पाच फूट भरायला अडीच दिवस.

म्हणून रोज उपसली जाणारी विहीर पुन्हा काठोकाठ भरत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच मोटरीने उपसताना वापरता येणारे पाणी १० फूट, म्हणजे ८८,९६० लिटर असते. पाणी खोल असल्यामुळे मोटर सरासरी २५,५०० काढते, झरे आता जोरात असल्यामुळे सरासरी ४,१०० देतात. वेळ येतो ४ तास १० मिनिटे आणि शेतात जाते १ लाख ६ हजार लिटर. पहिल्या दिवशीच्या १ लाख ८७ हजारांवर विसंबून पाळ्या लावल्या असतील, तर दुसऱ्याच दिवशी ८१ हजार लिटर कमी पडतात.

याचा संबंध थेट मोटरीशी आहे. महाराष्ट्रात शेतीला थ्री फेज वीज बहुतेक ठिकाणी दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास, आलटून पालटून मिळत आली आहे. पहिल्या दिवशी सात तासांचा उपसा आठ तासांत बसतो. दुसऱ्या दिवशी चार तासांनी पाणी तुटते आणि स्टार्टरला ऑटो स्विच लावलेला असेल, तर पुढचे चार तास, रात्रपाळीत सहा तास, मोटर कोरडी फिरते. पंपाच्या सीलला पाणीच थंड ठेवते. ते नसले की सील जळते आणि मोटरही जाते. पाणी तुटत आल्याची खूण पाइपाच्या तोंडाशी दिसते: धार एकसारखी न राहता थांबून थांबून फसफसत येते. स्टार्टरवरच्या अँपिअरच्या काट्यावरही ते दिसते. पंपाला पाणी मिळेनासे झाले की काम कमी होते आणि काटा नेहमीपेक्षा खाली येतो. रात्री शेतात कोणी नसेल, तर काढलेल्या वेळेपेक्षा अर्धा तास कमी लावून टायमर बसवावा किंवा कोरडी चालताच मोटर बंद करणारा रिले घ्यावा.

लिटरांवरून एकर

एका एकरावर एक इंच पाणी उभे करायला सुमारे १ लाख ३ हजार लिटर लागतात. वाफ्याने गव्हाला दिलेली पाळी तीन इंचांची धरली, तर एका एकराला ३ लाख ८ हजार लिटर झाले. आपली विहीर भरलेली असताना दिवसभराच्या उपशात १ लाख ८७ हजार देते, म्हणजे एक एकरसुद्धा एका दमात भिजत नाही. पहिल्या दिवशी भिजेल ते सुमारे २४ गुंठे. दिवसभर थांबून पुढच्या उपशात १४ गुंठे. तिसऱ्या उपशाला एकर पुरा होतो.

आता शेतकऱ्यापुढचा प्रश्न बदलतो. मोठी मोटर घेतली तर हा एकर लवकर भिजेल का? साडेसात एचपीची मोटर तीच विहीर पाच तासांच्या आतच उपसेल, पण झऱ्यांचे सहा हजार तिला वाढवता येणार नाहीत. एका उपशात मिळणारे पाणी उलट थोडे घटेल, कारण वाटेत भर घालायला झऱ्यांना वेळ कमी मिळेल. वापरता येणारा साठा वाढवायचा असेल तर गाळ काढावा. आवक वाढवायची असेल तर आडवे बोअर मारून नव्या भेगा गाठता येतात, मात्र त्या लागतीलच याची खात्री नसते. आणि दोन्ही तेवढेच राहणार असतील, तर तीन इंचांची पाळी ठिबकवर आणून गरज कमी करता येते. कोणत्या वाटेने जायचे हे विहिरीचे दोन आकडे शेजारी ठेवले की दिसते: एका फुटात किती लिटर आणि उपसल्यावर पहिल्या तासात किती इंच. त्यांच्या जोडीला ड्रमचे सेकंद घेऊन हे तीन आकडे तारखेसह स्टार्टरच्या पेटीच्या दाराला आतून रंगवून ठेवावेत, म्हणजे पाळी लावणाऱ्या घरातल्या कोणालाही त्यावरून मोटर बंद करायची वेळ काढता येते.